एकच लकब, पण ठसठशीत: आवाजाची नक्कल ओळखू येण्यासाठी काय करावं लागतं

नक्कल शिकणारे बहुतेक जण हुबेहूब आवाज काढायच्या मागे लागतात. मूळ माणसाची पट्टी, घोगरेपणा, वेग, उच्चार असं सगळं एकाच वेळी जुळवायचा प्रयत्न होतो. महिनाभर घासूनही ऐकणारा विचारतो, "हा कोण?" उलट एखादा मुरलेला कलाकार मूळ आवाजाच्या जवळपासही न जाता दोन शब्द बोलतो आणि सगळी सभा नाव घेते. त्याने एक लकब निवडलेली असते आणि ती वाढवलेली असते. ती निवडायची कशी, किती वाढवायची आणि आपल्या गळ्यात बसवायची कशी, हे या लेखात क्रमाने सांगितलं आहे. मुख्य उदाहरण निळू फुले यांच्या आवाजाचं आहे, कारण तो महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येकाच्या कानात आहे आणि त्याची नक्कल जितकी होते तितकी चुकतेही.

वाढवल्यावरच ओळख का पटते

आवाज दोन ठिकाणी घडतो. घशातल्या स्वरतंतूंच्या कंपनातून पट्टी आणि खरखर येते. त्यांच्या वरचा घसा, तोंड आणि नाक यांच्या पोकळीत त्या आवाजाला रंग चढतो. प्रौढ पुरुषात स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची ही पोकळी साधारण 17 सेंटीमीटर लांब असते, स्त्रीमध्ये 14 ते 15. ओठ पुढे काढून किंवा स्वरयंत्र खाली नेऊन ही लांबी थोडीफार बदलता येते, पण दुसऱ्याची पोकळी आपल्याला मिळत नाही. म्हणजे नक्कल कितीही चांगली असली तरी ऐकणाऱ्याच्या कानावर "हा तो नव्हे" असं सांगणाऱ्या असंख्य बारीक खुणा पडतच असतात. त्या सगळ्यांना मागे सारायचं तर "हा तोच" असं सांगणारी एखादी खूण ठसठशीत असावी लागते.

स्वीडनमधले अँडर्स एरिक्सन आणि पॅर व्रेटलिंग यांनी 1997 साली एका व्यावसायिक नकलाकाराच्या आवाजाची मोजमापं प्रसिद्ध केली. सरासरी पट्टी आणि बोलण्याचा एकूण वेग त्याने मूळ माणसाच्या बराच जवळ नेला होता, पण शब्दाच्या आतली बारीक कालमापं, म्हणजे कोणता वर्ण किती वेळ टिकतो हे, बरंचसं त्याचं स्वतःचंच राहिलं होतं. हुबेहूबपणाला अशी मर्यादा असतेच.

नक्कल करणाऱ्याच्या जास्त उपयोगाचा अभ्यास 2013 सालचा आहे. अर्जेंटिनातल्या संशोधकांनी व्यावसायिक नकलाकारांकडून एकाच व्यक्तीच्या दोन प्रकारच्या नकला करून घेतल्या: एक नुसत्या आठवणीवरून आणि दुसरी मूळ ध्वनिमुद्रण ऐकून लगेच. ऐकणाऱ्यांना दुसरी नक्कल मूळ आवाजाशी जास्त मिळतीजुळती वाटली. पण "हा कोण" हे जास्त चांगलं कळलं ते पहिलीवरून, म्हणजे आठवणीतल्या, अतिशयोक्त नकलेवरून. शिवाय मिळताजुळतेपणा मुख्यतः स्वरतंतूंशी निगडित निघाला आणि ओळख मुख्यतः वरच्या पोकळीशी, म्हणजे तोंड आणि घशाच्या आकाराशी. यावरून सरावाच्या दोन गोष्टी ठरतात. घोगरेपणावर आणि पट्टीवर सगळी मेहनत घालवू नये, तोंडाच्या ठेवणीकडे आधी बघावं. आणि मूळ आवाज भरपूर ऐकल्यावर तो बंद करून, मध्ये एक रात्र जाऊ देऊन, आठवणीवरून बोलावं. आठवणीत उरतं तेच बहुधा लकबीचं असतं.

पायरी पहिली: ऐकायचं काय आणि किती

एकाच माणसाचे तीन वेगवेगळ्या प्रसंगांतले तुकडे घ्या, प्रत्येकी वीस ते तीस सेकंदांचे. एक भूमिकेतला किंवा भाषणातला, एक मुलाखतीतला निवांत, आणि एक चिडलेला किंवा भावनेने भरलेला. तिन्हींत जे टिकून राहतं ते त्या माणसाचं. एकातच दिसतं ते प्रसंगाचं किंवा भूमिकेचं. नटांच्या बाबतीत मात्र एक निर्णय आधी घ्यावा लागतो. लोकांना निळूभाऊ आठवतात ते पडद्यावरचे पाटील, सरपंच आणि कारखानदार म्हणून. प्रत्यक्षातला सेवादलातला साधा, सौम्य माणूस फार थोड्यांनी ऐकलेला आहे. त्यामुळे नक्कल पडद्यावरच्या आवाजाची करायची आणि मुलाखतीचा तुकडा फक्त पडताळ्यासाठी वापरायचा.

वयही एकच धरा. चाळिशीतला आणि सत्तरीतला आवाज एकाच नकलेत मिसळला की ती धड कुणाचीच राहत नाही.

हे तुकडे मूळ माणसाचेच असले पाहिजेत. दुसऱ्या नकलाकाराचं ऐकून शिकलेली नक्कल आधीच वाढवलेली असते. तिची लकब आपण पुन्हा वाढवतो आणि मूळ माणूस त्यातून निसटतो.

आता एका कागदावर पाच रकाने आखा: पट्टी, तोंडाची ठेवण, वेग आणि विराम, वाक्याचा शेवट, आणि विशिष्ट वर्णांचे उच्चार. एका वेळी एकाच रकान्यासाठी ऐका. सगळं एकदम ऐकलं तर "भारी आवाज आहे" यापलीकडे काही लिहिता येत नाही. निळूभाऊंसाठी हा कागद साधारण असा भरतो. पट्टी खालची, आणि धमकी देतानाही वर न जाणारी. तिथे ती उलट आणखी खाली उतरते. तोंड फारसं उघडत नाही, शब्द दातांच्या मागून सरकत बाहेर येतात. वेग सावकाश, समोरच्याला वाट बघायला लावणारा. वाक्याच्या शेवटचा स्वर लांबतो आणि लांबता लांबता खाली घसरत खरखरीत विरतो. उच्चार ग्रामीण, पण तो भूमिकेचा भाग आहे.

कागद भरल्यावर महत्त्वाचं काम म्हणजे तुलना. तेच वाक्य स्वतःच्या साध्या आवाजात रेकॉर्ड करा आणि घरातल्या आणखी दोन-तीन जणांकडूनही बोलून घ्या. ही तुमची सर्वसाधारण पातळी. लकब म्हणजे या पातळीपासून दूर गेलेली गोष्ट. खालची पट्टी पुष्कळ पुरुषांची असते, घोगरा आवाज वय झालेल्या आणि तंबाखू खाणाऱ्या कित्येकांचा असतो. ज्या रकान्यात तो माणूस इतरांपासून सर्वांत लांब उभा आहे, त्या रकान्याभोवती गोल करा. अर्कचित्र काढणारा चित्रकारही हेच करतो. नाक मोठं आहे म्हणून तो मोठं काढत नाही, ते चारचौघांच्या नाकापेक्षा जितकं वेगळं आहे तितका फरक तो वाढवतो.

पायरी दुसरी: काढून बघण्याची चाचणी

गोल केलेल्या रकान्यांत दोन-तीन उमेदवार उरतातच. त्यातला खरा कोणता हे अंदाजाने ठरवू नका, एकेक काढून बघा.

त्यासाठी एक कोरं वाक्य लागतं, ज्याच्या शब्दांतून माणूस ओळखू येणार नाही. "उद्या सकाळी नळाला पाणी येणार नाही" हे चांगलं आहे. "बाई, वाड्यावर या" हे या कामाला निरुपयोगी आहे, कारण ते कुठल्याही आवाजात म्हटलं तरी लोक निळू फुले असंच म्हणतील. तिथे ओळख आवाजाने पटत नाही, शब्दांनी पटते. "न्हाई", "हाय" असे ग्रामीण उच्चारही चाचणीत नकोत. तेही आयती मदत करतात.

आता हे वाक्य चार वेळा रेकॉर्ड करा. पहिल्यांदा तिन्ही उमेदवार लकबींसह: घोगरेपणा, मिटलेला जबडा, शेवटचा हेल. मग प्रत्येक वेळी त्यातली एक काढून. पाच जणांना ऐकवा. ऐकवताना फक्त आवाज हवा, चेहरा आणि हातवारे नकोत. त्यातही अभिनय करणारा नकळत मदत घेतो. एका माणसाला एकच रेकॉर्डिंग ऐकवणं उत्तम, कारण नाव एकदा सुचलं की पुढच्या प्रत्येक वेळी तेच ऐकू येतं. चार रेकॉर्डिंगसाठी वीस माणसं जमवणं अवघड, पण आठवड्याभरात ओळखीच्यांना फोनवरून पाठवलं तर जमतं. प्रश्न एकच विचारा: "हा कोणाचा आवाज वाटतो?" "हा निळू फुलेंसारखा वाटतो का?" असं विचारलं की चाचणी संपली.

निळूभाऊंच्या बाबतीत घोगरेपणा काढला तरी ओळख बऱ्यापैकी टिकते. जबडा उघडला की ती डळमळते. आणि शेवटचा हेल काढून वाक्य सरळ तोडलं की ती जाते. म्हणून वाढवायची लकब हेल; जबडा ही तिची बैठक; घोगरेपणा हवाच तर चिमूटभर. आमच्या मते या आवाजाच्या बहुतेक फसलेल्या नकला हा क्रम उलटा लावल्यामुळे फसतात: घसा खरवडून काढतात आणि वाक्य मात्र स्वतःच्याच चालीत संपवतात.

उत्तरं नीट वाचा, त्यातच दुरुस्ती सापडते. कुणी "गावचा पाटील आहे कुणीतरी" म्हणालं तर तुम्ही भूमिका पकडली, आवाज नाही. बहुधा तुच्छतेचा अभिनय जास्त झाला आणि हेल कमी पडला. भलत्याच नटाचं नाव आलं तर तुम्ही निवडलेली लकब दोघांत समान आहे, दुसरी शोधा. "कोणाची तरी नक्कल करतोयस" इतकंच उत्तर आलं तर एकाच वेळी फार गोष्टी वाढवल्या गेल्या आहेत. पाचात तिघांनी न अडखळता नाव घेतलं की पुढे जा.

पायरी तिसरी: लकब तोंडात बसवणं

आधी बैठक. वरच्या आणि खालच्या दातांमध्ये अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. ओठ बाजूला ताणू नका, सैल सोडा. हनुवटीखाली अंगठा ठेवा आणि कोरं वाक्य बोला. "सकाळी" मधल्या "का"वर आणि "पाणी" मधल्या "पा"वर हनुवटी खाली जायला बघते, तिथे अंगठ्याने रोखा. "आ" थोडा बोथट होतो, "अ"कडे झुकतो. तोच रंग हवा आहे. शब्द मात्र कळले पाहिजेत. ते गढूळ झाले तर जबडा मिटताना जीभही आळसावली आहे असं समजा. जिभेचं टोक नेहमीइतकंच चपळ ठेवायचं, फक्त जबडा आळशी.

मग हेल. तो कागदावर लिहिल्याशिवाय नीट बसत नाही. स्वर लांबवण्यासाठी अवग्रह आणि थांबण्यासाठी उभी रेघ वापरा:

उद्या सकाळी | नळाला पाणीऽ | येणार नाहीऽऽऽ

दोन अवग्रहांपेक्षा जास्त लांबी फक्त शेवटच्या स्वराला. मधल्या प्रत्येक शब्दाला हेल दिला तर बोलणं कीर्तनासारखं ताणलं जातं आणि शेवटचा हेल वेगळा उठून दिसत नाही. "नाही"मधला "ना" नेहमीच्या लांबीचा, जरा दाबून, "ही" लांब. या लांबीत पट्टी एका पातळीवर राहू देऊ नका. ती वरून खाली घसरली पाहिजे आणि तळाशी गेल्यावर श्वास कमी करत आवाज विरू द्यायचा. श्वास कमी झाला की स्वरतंतू आपोआप सैल, तुटक कंपतात आणि हवी ती खरखर येते. ती खरखर मुद्दाम घसा आवळून काढायची नाही.

हा फरक सांगण्यासारखा आहे, कारण इथेच लोक घसा बिघडवून घेतात. बरोबर जमत असेल तर मानेच्या शिरा फुगत नाहीत, आवाज लहान असतो आणि लगेच पुन्हा आपल्या साध्या आवाजात बोलता येतं. चुकत असेल तर वाक्य संपताच खोकला किंवा खाकरण्याची इच्छा होते, घशात ओरखडल्यासारखं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आवाज बसलेला असतो. एका बैठकीत दहा मिनिटं पुरे, मध्ये पाणी पीत राहावं, सर्दी-खोकल्यात सराव बंद. बसलेला आवाज दोन-तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं.

वाक्य जमल्यावर ते सोडा आणि रोजची पंधरा-वीस वेगवेगळी वाक्यं त्याच चिन्हांनी लिहून बोला: बसचं तिकीट मागणं, भाजीचा भाव विचारणं, मुलाला अभ्यासाला बसवणं. ज्यांचा शेवट व्यंजनाने होतो ती वाक्यं अवघड जातात. "गाडी आली का रे बाळासाहेब" यात शेवटच्या "ब"ला लांबवता येत नाही, तेव्हा त्याच्या आधीचा "हे" लांबवायचा: बाळासाऽहेऽऽब. जी लकब नव्या वाक्यावर चालत नाही ती तुमची झालेली नाही, तुम्ही फक्त एक संवाद पाठ केला आहे.

पायरी चौथी: किती वाढवायचं

इथे मोजता येईल अशी लकब घेतलेली बरी, म्हणून अटलबिहारी वाजपेयी यांच्या विरामाकडे वळू. तो घशावर अजिबात अवलंबून नाही, आणि भाषा बदलली तरी टिकतो; वाजपेयींचा विराम मराठी वाक्यावर लावला तरी ते ओळखू येतात.

विराम नुसता लांब करून भागत नाही, तो कुठे पडतो याला जास्त महत्त्व आहे. आपण वाक्य संपल्यावर किंवा स्वल्पविरामाच्या जागी थांबतो. वाजपेयींचा गाजलेला विराम पडायचा तो वाक्य अर्धवट असताना, महत्त्वाच्या शब्दाच्या ऐन आधी. श्रोता पुढचा शब्द मनात शोधू लागायचा, आणि मग उरलेला भाग एका दमात, जरा वेगाने यायचा. कोरं वाक्य असं होतं:

उद्या सकाळी | नळाला ||| पाणी येणार नाही.

हाच लांब विराम "नाही"नंतर टाकून बघा. नुसता सावकाश बोलणारा माणूस ऐकू येतो.

लांबी मोजायला ऑडॅसिटीसारखं कोणतंही मोफत ध्वनिसंपादन साधन चालतं. ध्वनीच्या आलेखात आवाज नसलेली सपाट जागा माउसने निवडली की तिचा काळ सेकंदांत दिसतो. मूळ भाषणातले वाक्याच्या मधले दहा विराम मोजून सरासरी काढा आणि तसेच तुमच्या साध्या बोलण्यातलेही. समजा तुमची सरासरी 0.5 सेकंद आली आणि त्यांची 2. फरक दीड सेकंदाचा. वाढवायचा तो हा फरक, एकूण विराम नव्हे. फरकाची दीडपट म्हणजे 2.25, त्यात तुमचा 0.5 मिळवला की 2.75 सेकंद. इथून सुरुवात करा. फरकाची दुप्पट केली तर 3.5 सेकंद होतात, आणि ते एखाद्याच जागी, टाळ्या ठरलेल्या असतील तिथे चालतात. त्याच्या पुढे गेलं की श्रोत्यांना वाटतं कलाकार वाक्य विसरला.

हेलासाठीही हाच हिशेब. निळूभाऊंच्या आणि तुमच्या शेवटच्या स्वराची लांबी मोजा, फरकाची दीडपट घ्या, तेवढ्यावर पाच जणांची चाचणी पुन्हा करा. ओळख लगेच पटली तर थोडं खाली या. नाव घ्यायला लोक थांबतात अशी जागा आली की तिच्या किंचित वर तुमची पातळी. वाढवण्याचा उपयोग ओळख पटेपर्यंतच असतो. त्याच्या वर वाढवलेलं सगळं तुमच्या विनोदाच्या जागेवर आक्रमण करतं.

ज्या लकबी मोजता येत नाहीत, उदाहरणार्थ नाकातला आवाज किंवा "स"चा विशिष्ट उच्चार, त्या तीन पातळ्यांवर बोलून रेकॉर्ड करा: मूळाइतकी, स्पष्ट वाढलेली, आणि हास्यास्पद होईल इतकी. मधली जवळजवळ नेहमीच कामाची असते.

या सगळ्यात बाकीचे रकाने आपल्या स्वतःच्या आवाजाजवळ ठेवायचे. हे मनाला पटत नाही, पण करून पाहिल्यावर पटतं. वेग, पट्टी, उच्चार, खरखर सगळंच दीडपट केलं की ऐकणाऱ्याला कशाकडे लक्ष द्यायचं तेच कळत नाही. स्त्री कलाकारांना हा नियम जास्त उपयोगी पडतो. पुरुषाची पट्टी गाठायचा अट्टाहास केला की आवाज कृत्रिम जाड होतो. तोच पट्टीचा रकाना सोडून फक्त विराम किंवा हेल घेतला तर आपल्या नेहमीच्या पट्टीतही ओळख पटते.

मंचावर

लकब सर्वांत मोठी पहिल्या वाक्यात हवी. श्रोत्यांनी नाव ओळखेपर्यंत विनोद वाया जातो, कारण त्यांचं अर्धं लक्ष कोड्यात अडकलेलं असतं. पहिलं वाक्य म्हणून विनोदी नव्हे तर लकबीला सोयीचं वाक्य निवडा: निळूभाऊंसाठी लांब स्वराने संपणारं, वाजपेयींसाठी मध्ये तुटू शकेल असं. ओळख पटल्याचा आवाज सभेतून आला की लकब मूळ पातळीवर आणा. आता श्रोता स्वतःच्या आठवणीने उरलेला आवाज भरून काढत असतो. पुन्हा मोठी करायची ती विनोदाच्या वाक्याला.

जागा आणि माइक आधी तपासा. गणपतीच्या मंडपात किंवा मोकळ्या मैदानात कर्ण्यांतून खरखर आणि हलका श्वास पोहोचत नाही, त्यांची जागा घुमणारा आवाज घेतो. लांबी आणि विराम मात्र पोहोचतात. घोगरेपणावर उभी केलेली नक्कल खोलीत चालते आणि मैदानात पडते त्याचं कारण हेच. हातातला माइक साधारणपणे असा असतो की तो ओठांजवळ आणला की आवाजातला खर्ज वाढतो. निळूभाऊंच्या हळू, दबक्या बोलण्यासाठी तो चार-पाच सेंटीमीटरवर धरा, म्हणजे जोर न लावता आवाज भरतो. चढ्या आवाजाच्या माणसासाठी वीतभर लांब न्या.

दोन माणसांचा संवाद करायचा असेल तर एकाच रकान्यातल्या दोन लकबी घेऊ नका. सावकाश हेल काढणाऱ्या निळूभाऊंसमोर नाना पाटेकरांचं एकदम उसळणारं, शब्द तोडत जाणारं बोलणं लगेच वेगळं कळतं. सावकाश बोलणारे दोघे समोरासमोर ठेवले तर तिसऱ्या वाक्याला दोन्ही आवाज एक होतात. प्रत्येक बदलाआधी अर्धा सेकंद थांबून तोंडाची ठेवण बदला, मगच बोला. बोलता बोलता बदलायला गेलं की नव्या माणसाचं पहिलं अक्षर जुन्याच्या तोंडातून येतं.

कोणती लकब घेऊ नये याबाबत आमचं मत ठाम आहे. तोतरेपणा, पक्षाघातानंतर जड झालेली जीभ, आजाराने थरथरणारा आवाज यांनी ओळख सहज पटते, तरीही त्या सोडाव्यात. ती त्या माणसाने कमावलेली बोलण्याची ढब नसते, त्याच्यावर आलेली अडचण असते. त्याच माणसाचा आजारापूर्वीचा काळ निवडला की दुसरी लकब मिळतेच. आणि दुसऱ्याच्या आवाजात फोन करून कुणाला खरंच फसवणं हा नकलेचा भाग नाही, तो गुन्हा ठरू शकतो.

नक्कल बसल्यावरही ती जागेवर राहत नाही. प्रत्येक प्रयोगात हेल जिथे हसू मिळवतो तिथे तो पुढच्या वेळी थोडा लांबतो, आणि तीन-चार महिन्यांनी ऐकणारे तुमचीच जुनी नक्कल ओळखू लागतात, मूळ माणूस नाही. दर दोन महिन्यांनी कोरं वाक्य पुन्हा रेकॉर्ड करा, शेवटच्या स्वराची लांबी मोजा आणि पहिल्या कागदावरच्या आकड्याशी ताडून पाहा. लांबी फरकाच्या दुपटीपलीकडे गेली असेल तर मूळ तुकडे पुन्हा ऐका, एक रात्र जाऊ द्या आणि नव्याने आठवणीवरून बोला. आकडा वाढूनही पाच जणांची चाचणी पास होत असली तरी फसू नका. त्या पाचांनी तुम्हाला आधी ऐकलेलं असतं. त्यासाठी दर वेळी नवी माणसं शोधा.